वजन सरळ खाली, तरी फ्रेम बाजूला का जाते?

फोंडा तालुक्यात सावईवेऱ्याच्या बाजूला माझ्या बहिणीचं घर आहे. जमीन डोंगराच्या उतारावरची, त्यामुळे दोन टप्प्यांत कापलेली. वरच्या टप्प्यावर घर आणि रस्ता, खालच्या टप्प्यावर कुळागर, आणि मध्ये तीन मीटर उंचीचा चिऱ्यांचा धक्का. सुपारी वाळवायला घराला लागून एक गच्ची हवी होती. तिचा एक कॉलम वरच्या टप्प्यावर उभा राहणार, दुसरा खालच्या. वरचा ३ मीटर, खालचा ६ मीटर, आणि दोघांच्या डोक्यांवरून जाणारा ६ मीटरचा आडवा बीम.

भाची तेव्हा फर्मागुढीला इंजिनिअरिंग शिकत होती. तिने वहीत फ्रेम काढली, स्लोप डिफ्लेक्शन पद्धतीने मोमेंट, म्हणजे प्रत्येक टोकाला वाकवणारा जोर, काढले आणि वही माझ्यासमोर ठेवली. सांध्यांवरची बेरीज बरोबर जुळत होती. पण तिने फ्रेमचं बाजूला सरकणं, म्हणजे स्वे, शून्य धरलं होतं.

मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मामा, वजन तर सगळं सरळ खाली आहे. वारा नाही, कोणी ढकलत नाही. मग फ्रेम बाजूला कशाला जाईल?"

प्रश्न अगदी रास्त आहे आणि पहिल्यांदा शिकणाऱ्या बहुतेकांच्या मनात तो येतो. म्हणून हीच फ्रेम घेऊन सगळं गणित इथे मांडतो.

आधी पद्धतीचा गाभा पाहू. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या जॉर्ज मॅनी यांनी १९१५ साली ही पद्धत आजच्या रूपात मांडली. नावातला 'स्लोप' म्हणजे डोंगराचा उतार नव्हे. बीम आणि कॉलम जिथे एकजीव होतात तो सांधा वजनाखाली किती कोनातून फिरला, तो कोन म्हणजे स्लोप. कॉलमचं डोकं पायाच्या तुलनेत आडवं किती सरकलं, ते डिफ्लेक्शन. हे कोन आणि हे सरकणं कळलं की प्रत्येक टोकावरचा मोमेंट एका सूत्रात मिळतो:

```
M(जवळ) = FEM + (2EI/L) × [2θ(जवळ) + θ(दूर) − 3Δ/L]
```

θ म्हणजे टोकाचा कोन, Δ म्हणजे सरकणं, L म्हणजे त्या भागाची लांबी आणि EI म्हणजे वाकण्याला त्याचा ताठपणा. FEM म्हणजे फिक्स्ड एंड मोमेंट. दोन्ही टोकं घट्ट आवळून ठेवली असती तर नुसत्या वजनाने टोकांवर जो मोमेंट आला असता, तो. पुढचा कंस त्या टोकांच्या प्रत्यक्ष हालचालीचा. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवणारा मोमेंट आणि तसाच कोन धन धरायचा, उलट दिशेचा ऋण.

त्या कंसातला ३ कुठून आला, हे बहुतेक मुलं न विचारताच पाठ करतात. पण सगळा स्वे त्यातच आहे, म्हणून इथे जरा थांबू. कॉलमच्या खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत एक सरळ दोरी ताणली आहे असं समजा. डोकं उजवीकडे Δ इतकं सरकलं की दोरी Δ/L इतक्या कोनातून घड्याळाच्या दिशेने कलते. कॉलमला वाक येतो तो या कललेल्या दोरीच्या तुलनेत त्याचं टोक किती फिरलं यावरून. टोक स्वतः θ फिरलं असेल तर दोरीच्या तुलनेत ते θ − Δ/L इतकंच फिरलं. आता मूळच्या 2θ(जवळ) + θ(दूर) मध्ये दोन्ही θ मधून Δ/L वजा करा. पहिल्यातून दोनदा जातो, दुसऱ्यातून एकदा. मिळून तीनदा. हाच तो ३, आणि म्हणूनच त्याच्या आधी वजाबाकीचं चिन्ह.

यातूनच एक गोष्ट आपोआप कळते. भागाकारातला L हा त्या त्या कॉलमचा स्वतःचा असतो. बीम लांबीत आखडत नाही किंवा ताणत नाही असं आपण धरतो, त्यामुळे दोन्ही कॉलमांची डोकी सारखीच, Δ इतकी सरकतात. पण त्यांच्या दोऱ्या सारख्या कलत नाहीत. ३ मीटरच्या कॉलमची दोरी ६ मीटरच्या दुप्पट कलते.

आता फ्रेम. डावीकडे छोटा कॉलम AB, पाया A, डोकं B, उंची ३ मीटर. बीम BC, ६ मीटर. उजवीकडे लांब कॉलम CD, डोकं C, पाया D, उंची ६ मीटर. दोन्ही पाये फिक्स्ड धरले आहेत, म्हणजे ते फिरत नाहीत आणि सरकतही नाहीत. तिन्ही भागांचा EI सारखा. बीमवर सगळं मिळून मीटरला १९ किलोन्यूटन वजन आहे. १९ हा आकडा मी मुद्दाम घेतला, उत्तरं स्वच्छ येतात म्हणून.

बीमचा फिक्स्ड एंड मोमेंट म्हणजे वजन गुणिले लांबीचा वर्ग, भागिले १२. १९ × ३६ ÷ १२ म्हणजे ५७ किलोन्यूटन-मीटर. डाव्या टोकाला −५७, उजव्या टोकाला +५७. कॉलमांवर मधे कुठे वजन नाही, त्यामुळे त्यांचा शून्य. पाये फिरत नाहीत म्हणून θA आणि θD दोन्ही शून्य. उरल्या तीन अज्ञात गोष्टी: B चा कोन, C चा कोन आणि Δ. लिहिण्याच्या सोयीसाठी EI या तिघांच्या पोटात ठेवतो, म्हणजे खाली θ लिहिलं आहे ते खरं EIθ, आणि Δ म्हणजे EIΔ.

```
M_AB = (2/3)(θB − Δ)
M_BA = (2/3)(2θB − Δ)
M_BC = −57 + (1/3)(2θB + θC)
M_CB =  57 + (1/3)(2θC + θB)
M_CD = (1/3)(2θC − Δ/2)
M_DC = (1/3)(θC − Δ/2)
```

छोट्या कॉलममध्ये 3Δ/3 म्हणून नुसता Δ आला, लांब कॉलममध्ये 3Δ/6 म्हणून Δ/2. बीमच्या ओळींत Δ नाही, कारण बीमची दोन्ही टोकं आडवी सरकतात. वरखाली होत नाहीत, म्हणून त्याची दोरी कलत नाही.

तीन अज्ञातांना तीन समीकरणं लागतात. पहिली दोन सांध्यांची. B या सांध्यावर कॉलमचा आणि बीमचा मोमेंट मिळून शून्य झाला पाहिजे, नाहीतर सांधा फिरतच राहील. C वरही तसंच. भाचीने इथपर्यंत नीट केलं होतं. तिचं तिसरं समीकरण मात्र राहून गेलं, कारण Δ शून्य धरल्यावर त्याची गरजच तिला वाटली नाही.

तिसरं समीकरण आडव्या बलांचं. बाहेरून फ्रेमला कोणी आडवं ढकलत नाही. म्हणून दोन्ही कॉलमांच्या पायांशी जमीन जी आडवी बलं देते, त्यांची बेरीज शून्य झाली पाहिजे. एखाद्या कॉलमच्या दोन टोकांच्या मोमेंटची बेरीज घेऊन तिला उंचीने भागलं की त्या कॉलममधलं आडवं बल, म्हणजे शिअर, मिळतं. म्हणून:

```
(M_AB + M_BA)/3 + (M_CD + M_DC)/6 = 0
```

वारा असता किंवा कॉलमला मातीचा आडवा दाब असता, तर त्याची भर याच ओळीत पडली असती. वरच्या सहा ओळी या तीन अटींत घालून नीट केल्या की अशी समीकरणं मिळतात:

```
6θB +  θC − 2Δ =  171
2θB + 8θC −  Δ = −342
4θB +  θC − 3Δ =    0
```

तिसऱ्या ओळीतून Δ बाजूला काढून पहिल्या दोन ओळींत घातला की 10θB + θC = 513 आणि 2θB + 23θC = −1026 उरतात. ती सोडवली की:

```
θB = 56.25    θC = −49.5    Δ = 58.5
```

Δ धन आला. म्हणजे फ्रेम उजवीकडे, लांब कॉलमच्या बाजूला, दरीकडे सरकते. दिशा आधी ओळखण्याची गरज नव्हती. उजवीकडे धन धरून सुरुवात केली, उत्तर ऋण आलं असतं तर डावीकडे सरकली असं समजलो असतो.

सहा ओळींत हे आकडे टाकले की टोकांवरचे मोमेंट मिळतात, किलोन्यूटन-मीटरमध्ये:

```
M_AB =  −1.5      M_BA =  36
M_BC = −36        M_CB =  42.75
M_CD = −42.75     M_DC = −26.25
```

B वर ३६ आणि −३६, C वर ४२.७५ आणि −४२.७५. दोन्ही सांधे समतोल. छोट्या कॉलमचं आडवं बल ३४.५ भागिले ३, म्हणजे ११.५ किलोन्यूटन. लांब कॉलमचं −६९ भागिले ६, म्हणजे −११.५. तेही जुळलं. दोन्ही पाये बाहेर पसरू पाहतात आणि जमीन त्यांना ११.५ किलोन्यूटनने आत ढकलते.

भाचीच्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथे आहे. तिने Δ शून्य धरला तेव्हा समीकरणं दोनच उरली, आणि त्यातून छोट्या कॉलममध्ये सुमारे २४.८ किलोन्यूटनचं आडवं बल निघत होतं, लांब कॉलममध्ये जेमतेम ८.७ चं. वजनाखाली बीम खाली वाकतो, B घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि C उलट दिशेने. दोन्ही सांधे आपापला कॉलम वाकवतात, आणि त्या वाकण्यातून दोन्ही कॉलम बीमला एकमेकांकडे ढकलतात. पण छोटा कॉलम ताठ, त्याचं ढकलणं जास्त. लांब कॉलम लवचीक, त्याचं कमी. उरलेलं साधारण १६ किलोन्यूटन अडवायला कोणीच नाही. मी तिला म्हटलं, "तुझ्या वहीतली फ्रेम जागेवर उभी राहायची असेल तर C पाशी दरीच्या बाजूने कोणीतरी १६ किलोन्यूटनचा टेका लावून उभं राहायला हवं. तिथे कोण आहे?" तिथे पोफळी होत्या. टेका नाही म्हणून फ्रेम सरकते, आणि दोन्ही बाजू सारख्या होईपर्यंत सरकते.

उंची सारखी, EI सारखा, पाये सारखे आणि वजनही मध्यापासून दोन्हीकडे सारखं असतं, तर ही दोन ढकलणी आपोआप एकमेकांना छेदली असती आणि Δ शून्य आला असता. वर्गात बहुतेक वेळा पहिलं उदाहरण तसं समान फ्रेमचं असतं. त्यामुळे खालच्या दिशेचं वजन म्हणजे स्वे नाही, अशी समजूत घर करून बसते. स्वे नसण्याचं कारण फ्रेमची आणि वजनाची दोन्ही बाजूंनी सारखी मांडणी आहे, वजनाची दिशा नव्हे.

आता फरक किती पडला ते बघा. स्वे न धरता छोट्या कॉलमच्या डोक्याशी ४९.६ येत होते, खरे ३६. तिथे आपण उगाच जास्त लोखंड घातलं असतं, जीव धोक्यात आला नसता. पण लांब कॉलमचं उलट आहे. त्याच्या डोक्याशी स्वे न धरता ३४.७, खरे ४२.७५. त्याच्या पायाशी स्वे न धरता १७.४, खरे २६.२५. म्हणजे पायाशी प्रत्यक्ष मोमेंट वहीतल्या आकड्याच्या दीडपट. खालच्या टप्प्यावरचा, धक्क्याच्या पायथ्याशी उभा असलेला, पावसाळ्यात ज्याच्याभोवती चिखल असतो तोच कॉलम कमी लोखंडाचा झाला असता. मला या गणितात सगळ्यात जास्त काळजी याची वाटते: चूक दोन्ही बाजूंनी सारखी पडत नाही, ती जो सडपातळ आहे त्याच्यावर पडते.

छोट्या कॉलमच्या पायाशी तर आणखी नवल आहे. स्वे न धरता तिथे +२४.८, स्वे धरल्यावर −१.५. मोमेंट जवळजवळ नाहीसाच झाला, आणि त्याचं चिन्हही बदललं. हे घडवून आणायला फ्रेम किती सरकली? कॉलम आणि बीम २३० × ४५० मिलिमीटरचे आणि काँक्रीट M25 चं धरलं तर E साधारण २५,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, आणि EI साधारण ४३,७०० किलोन्यूटन-चौरस मीटर येतो. ५८.५ ला त्याने भागा. ०.००१३ मीटर. म्हणजे १.३ मिलिमीटर. डोळ्यांना हे सरकणं दिसणार नाही, गच्चीवर सुपारी पसरणाऱ्याला जाणवणारही नाही. तरी त्या सव्वा मिलिमीटरने सगळा हिशेब फिरवला.

आता पडताळणीबद्दल, कारण इथे एक फसगत होते. सांधे जुळले, आडवी बलं जुळली, की मुलं वही मिटतात. पण हे जुळणारच होतं. ते तर आपण समीकरणांतच घातलं होतं. समजा कोणी लांब कॉलममध्येही चुकून 3Δ/3 लिहिलं. समीकरणं वेगळी होतील, उत्तरं वेगळी येतील, पण सांधे तरीही समतोल राहतील आणि आडवी बलंही. समतोल पाहून ही चूक कधीच पकडता येणार नाही.

पकडायची असेल तर दुसऱ्या बाजूने यायला हवं. मोमेंट हाती आले की त्यांवरून प्रत्येक कॉलमचं डोकं किती सरकलं ते उलटं काढता येतं. पाया फिक्स्ड असेल तर:

```
EIΔ = (h²/6) × [M(डोकं) − 2M(पाया)]
```

छोटा कॉलम: ९ भागिले ६, गुणिले (३६ + ३), म्हणजे ५८.५. लांब कॉलम: ३६ भागिले ६, गुणिले (−४२.७५ + ५२.५), म्हणजे ५८.५. दोन्ही कॉलमांनी एकच उत्तर दिलं. एकच बीम दोघांना धरून आहे, तेव्हा ते एकच यायला हवं. उंचीची चूक झाली असती तर इथे दोन वेगळे आकडे आले असते आणि चूक उघडी पडली असती. मी परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकाला ही एक ओळ करायला लावतो. तिला एक मिनिट पुरतं.

एक गोष्ट मात्र या सगळ्या गणिताच्या बाहेर राहते, आणि उतारावर बांधणाऱ्याने तिच्याकडे बघायलाच हवं. आपण D हा पाया फिक्स्ड धरला. खालचा टप्पा अनेकदा वरची माती कापून खाली टाकून केलेला भराव असतो. जांभ्या दगडाचा घट्ट थर त्याच्या खाली असतो, आणि फूटिंग त्या थरापर्यंत नेलं नाही तर ते भरावावर बसतं. पावसात असा भराव दबतो. D चं फूटिंग फक्त ५ मिलिमीटर खचलं असं समजा. आता बीमची दोरीही कलते, आणि बीमच्या ओळींत जो Δ/L नव्हता तो आत येतो. त्याच EI ने हिशेब केला तर बीमच्या दोन्ही टोकांच्या फिक्स्ड एंड मोमेंटमध्ये सुमारे −३६ ची भर पडते. B कडे −५७ चे −९३, C कडे +५७ चे जेमतेम २१. सांधे फिरून आणि फ्रेम सरकून त्यातला काही भाग कमी होईल, तरी सुरुवातच इतकी बदलते की वरची उत्तरं त्या फ्रेमची राहत नाहीत. सूत्र तेच वापरायचं, फक्त बीमसाठी ५ मिलिमीटर भागिले ६ मीटर हा कोन त्यात घालायचा आणि तीन समीकरणं पुन्हा सोडवायची.

भाचीने ते गणित त्याच संध्याकाळी बसून केलं. दुसऱ्या दिवशी तिने मिस्त्रीला खालच्या कॉलमचा खड्डा आणखी खोल घ्यायला सांगितलं, आणि जांभ्यावर पहार वाजल्याचा आवाज आल्यावरच फूटिंगचं माप धरलं.